नाव मऊ की कडक? उच्चारावरून नावाचा स्वभाव जोखण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारशाच्या आधी, नाटुकल्यातल्या राक्षसाला नाव शोधताना किंवा कथेतल्या खाष्ट आत्याबाईंचं बारसं करताना लोक हे प्रश्न विचारतात. उत्तरं मराठी नावं डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत.

अर्थ माहीत नसतानाही नाव मऊ किंवा कडक वाटतं, हे खरं आहे का?

बऱ्याच अंशी खरं आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ वोल्फगांग क्योलर यांनी 1929 मध्ये दोन आकृत्या आणि दोन निरर्थक शब्द मांडले होते. एक आकृती गोलसर वळणांची होती, दुसरी टोकदार कोनांची. शब्द होते ‘बालुबा’ आणि ‘ताकेते’. गोल आकृतीला ‘ताकेते’ म्हणावं असं सहसा कुणाला वाटत नाही. पुढे 2001 मध्ये रामचंद्रन आणि हबर्ड यांनी हाच खेळ ‘बुबा’ आणि ‘किकी’ या शब्दांनी मांडला आणि तो या नावाने गाजला. 2022 मध्ये 25 भाषांच्या 917 लोकांवर हीच चाचणी झाली तेव्हा सुमारे 72 टक्के उत्तरं अपेक्षेप्रमाणे आली. डोळे मिटून उत्तर दिलं असतं तर 50 टक्के आली असती. म्हणजे कल आहे, पण तो नियम नाही. काही भाषांमध्ये, उदाहरणार्थ तुर्कीत, तो नीटसा दिसलाही नाही.

आपल्याला मात्र इतक्या लांब जायची गरज नाही. बांगड्यांची किणकिण होते, नाण्यांचा खणखणाट होतो आणि देवळातल्या घंटेचा घणघणाट होतो. क, ख, घ या क्रमाने वस्तू मोठी आणि जड होत गेली, आणि ‘इ’ जाऊन ‘अ’ आला. हे कुणी ठरवून केलेलं नाही. मराठी कान हा हिशेब लहानपणापासून करत आलेला आहे, नावं ऐकतानाही तोच करतो.

शाळेत ‘मृदू व्यंजने’ आणि ‘कठोर व्यंजने’ शिकलो होतो. त्यांच्यावरूनच ठरवायचं ना?

नाही. सगळ्यात जास्त गफलत इथेच होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

व्याकरणातले क-ख, च-छ, ट-ठ, त-थ, प-फ हे वर्ण कठोर, आणि ग-घ, ज-झ, ड-ढ, द-ध, ब-भ हे मृदू. ही विभागणी कानाला काय वाटतं यावर केलेली नाही. उच्चार करताना घशातल्या स्वरतंतूंना कंप सुटतो की नाही, एवढंच ती सांगते. गळ्यावर बोट ठेवून ‘स्स्स’ म्हणा आणि मग इंग्रजी ‘झू’मधला ‘झ्झ्झ’ म्हणा, फरक बोटाला कळेल. संधीचे नियम समजायला ही विभागणी लागते. वाक् आणि ईश यांचा वागीश होतो तो तिच्यामुळे. पण ती जशीच्या तशी नावांना लावली तर ‘भीम’, ‘ढोलूराम’ मृदू ठरतील आणि ‘सीता’ कठोर. ‘सीता’ या नावातली दोन्ही व्यंजनं व्याकरणाने कठोरच आहेत!

मग स्वरतंतूंच्या कंपाला काहीच महत्त्व नाही का? आहे, पण वेगळ्या प्रकारचं. पावसाळ्यात वीज पडते तेव्हा आपण ‘कडकडाट’ म्हणतो आणि ढगांना ‘गडगडाट’ म्हणतो. दोन शब्दांत फक्त क आणि ग यांचा फरक आहे. ‘कडकडाट’ कोरडा आणि फाडत जाणारा आहे, तर ‘गडगडाट’ खालच्या पट्टीतला, जड, पोटात घुमणारा. भीती दोन्हींची वाटते, पण ती एकाच जातीची नाही. मी शिकवताना याला सुरी आणि वरवंटा म्हणतो. कंप नसलेले स्पर्शवर्ण (क, ट, त, प, च) सुरीच्या बाजूला, आणि कंप असलेले (ग, ड, द, ब आणि विशेषतः घ, ढ, ध, भ) वरवंट्याच्या बाजूला. कुणी ‘उग्र नाव हवं’ म्हणालं की माझा पहिला प्रश्न असतो, सुरी हवी की वरवंटा? कारस्थानी, हडकुळ्या मांत्रिकाला ‘टकटक्या’ शोभेल, डोंगराएवढ्या राक्षसाला शोभणार नाही. राक्षसाला ‘धडंभट’सारखं काहीतरी लागेल.

जपानी भाषेत हा भेद लोकांच्या फार अंगवळणी पडला आहे. तिथे अक्षराला दोन छोट्या रेघा जोडल्या की क चा ग होतो, त चा द होतो, आणि असे ध्वनी मोठे, जड, राकट वाटतात. शिगेतो कावाहारा या ध्वनिशास्त्रज्ञाने पोकेमॉन प्राण्यांची नावं मोजली तेव्हा मोठ्या, जड आणि पुढच्या टप्प्यावर उत्क्रांत झालेल्या प्राण्यांच्या नावांत हे वर्ण जास्त सापडले. ‘गॉडझिला’चं जपानी नाव ‘गोजिरा’. त्याला ‘कोशिरा’ म्हणून पाहा, शहर पाडायला निघालेला प्राणी मांडीवर येऊन बसतो.

कारण बहुधा शरीरातच आहे. मोठ्या प्राण्याचा घसा मोठा, म्हणून आवाज खालच्या पट्टीतला. म्हैस हंबरते, उंदीर चिरकतो. कंप असलेल्या वर्णांत खालच्या पट्टीचा आवाज जास्त मिसळलेला असतो.

मग खरोखर मऊ वर्ण कोणते?

ज्यांचा उच्चार करताना हवा कुठेच पूर्ण अडत नाही किंवा नाकावाटे वाहत राहते, ते. म, न, ण, ल, ळ, य, व. आणि ह. क किंवा ट म्हणताना जीभ वाट बंद करते आणि मग एकदम सोडते, एक छोटा स्फोट होतो. म किंवा ल हवे तितके लांबवता येतात, ‘म्म्म्म’ म्हणत राहता येतं. ‘क्’ लांबवता येत नाही.

ळ बद्दल विशेष सांगायला हवं, कारण पुस्तकी विचार केला तर तो कडक असायला हवा. तो मूर्धन्य आहे, ट-ठ-ड-ढ यांच्याच जागी जीभ वळवून म्हणायचा. तरीही बाळ, कोवळा, कमळ, वाळा, सळसळ, झुळझुळ या शब्दांत तो कुठे टोचतो? त्याचा उच्चार करताना हवा जिभेच्या बाजूंनी निसटत राहते. तीच गोष्ट ण ची. जागेपेक्षा हवा अडते की वाहते याला जास्त वजन आहे.

र मऊ की कडक?

एकटा, दोन स्वरांच्या मध्ये असेल तर मऊच म्हणा: तारा, मीरा, सरिता. जोडाक्षरात आला की खरखर सुरू होते: क्रूर, उग्र, रुद्र, कर्कश, वज्र. जगभरच्या भाषांत खरखरीत पृष्ठभागासाठी असलेल्या शब्दांत थरथरता र जास्त आढळतो, असं 2022 च्या एका मोठ्या तुलनेत दिसलं आहे.

हे आपल्याकडे फार आधी सांगून झालं आहे. अकराव्या शतकात काश्मीरमधल्या मम्मटाने ‘काव्यप्रकाश’ लिहिला. त्यात माधुर्य आणि ओज या गुणांसाठी कोणते वर्ण वापरावेत याची यादीच आहे. माधुर्यासाठी ट-वर्ग टाळा, अनुनासिक जोडलेले वर्ण घ्या (अनंग, कुंद यांतल्यासारखे), र आणि ण आखूड स्वरासह चालतील. ओजासाठी ट-वर्ग, श आणि ष घ्या, जोडलेला र घ्या, आणि क्ख, ग्घ असे अल्पप्राणाला महाप्राण चिकटलेले वर्ण घ्या. गंमत बघा, त्याने र ला दोन्ही याद्यांत बसवलं आहे. सुटा र गोड, जोडलेला र उद्धट. नावांसाठी याहून चांगली यादी मला अजून मिळालेली नाही.

एखादं नाव सुरुवातीपासून जोखून दाखवाल का?

दाखवतो, पण हा माझा स्वतःचा ढोबळ हिशेब आहे, शास्त्रीय मापन नव्हे.

आधी नाव लिहितात तसं नाही, म्हणतात तसं मांडायचं. ‘रोहित’ मधला शेवटचा अ आपण म्हणत नाही, तो सोडायचा. मग प्रत्येक व्यंजनाला गुण द्यायचे. वाहत्या वर्णांना, म्हणजे म, न, ण, ल, ळ, य, व, ह आणि र यांना शून्य. क, ग, च, ज, त, द, प, ब आणि स, श, ष यांना एक. ट, ड आणि सगळ्या महाप्राण स्पर्शांना (ख, घ, छ, झ, ठ, ढ, थ, ध, फ, भ) दोन. दोन स्पर्शवर्ण एकमेकांना चिकटले असतील किंवा र जोडाक्षरात स्पर्शाला चिकटला असेल तर वर एक. बेरजेला व्यंजनांच्या संख्येने भागायचं, नाहीतर लांब नावं उगाच उग्र ठरतात.

घटोत्कच घेऊ. घ चे दोन, ट चे दोन, त चा एक, क चा एक, च चा एक, त्क या जोडाचा एक. बेरीज आठ, व्यंजनं पाच, म्हणजे 1.6. पूर्ण नावात वाहता वर्ण एकही नाही. आता त्याचा अर्थ पाहा: घट म्हणजे घडा, उत्कच म्हणजे केस नसलेला. घड्यासारखं गुळगुळीत डोकं असलेला! अर्थाने नाव जवळजवळ विनोदी आहे. ते ऐकून दचकायला होतं ते वर्णांमुळे आणि युद्धातल्या त्याच्या कथेमुळे.

आता उर्मिला. र, म, ल, तिघंही शून्य. र जोडाक्षरात आहे खरा, पण म ला चिकटलेला आहे, स्पर्शाला नाही. बेरीज शून्य. कान सांगतो तेच हिशेबाने सांगितलं.

आता रावण. र शून्य, व शून्य, ण शून्य.

म्हणजे रावण आणि उर्मिला सारखेच मऊ?

उच्चाराने, हो. आणि हा हिशेब कुठे थांबतो ते इथे कळतं. रामायण कधीच न ऐकलेल्या माणसाला ‘रावण’ म्हणा, त्याला दचकायचं कारण नाही. ‘नारायण’ आणि ‘रावण’ यांच्या वर्णांत फारसं अंतर नाही. आपल्याला ते नाव उग्र वाटतं कारण दहा तोंडं, सीताहरण आणि दसऱ्याचा जळता पुतळा त्याला चिकटलेला आहे. ‘महिषासुर’ही पाहा, त्यात एक सुद्धा स्पर्शवर्ण नाही. उलट ‘विभीषण’ या नावाचा अर्थच भयानक असा आहे, आणि तो निघाला सज्जन.

जंजिऱ्याच्या किल्ल्यावरच्या प्रचंड तोफेचं नाव ‘कलालबांगडी’. ऐकून बाजारातल्या बांगड्या आठवाव्यात!

तेव्हा माझं मत असं की ओळखीच्या नावात आधी कथा बोलते, मग अर्थ, आणि आवाज सगळ्यात शेवटी. अनोळखी किंवा नव्याने घडवलेल्या नावात क्रम उलटा होतो. म्हणून ही पद्धत कथेतल्या पात्रांना, खेळातल्या प्राण्यांना, नव्या उत्पादनांना चांगली लागू पडते. ‘शिवाजी’ किंवा ‘जिजाबाई’ या नावांवर ती चालवू नये, तिथे तिला बोलायला जागाच उरलेली नाही.

स्वरांचं काय? तुमच्या हिशेबात ते दिसले नाहीत.

नाहीत, आणि ही त्याची खरी उणीव आहे. ‘सीता’ला माझ्या हिशेबाने एक गुण मिळतो, ‘गदग’लाही एकच. पण सीता मधले दोन्ही स्वर दीर्घ आहेत, व्यंजनांना मध्ये भरपूर श्वास मिळतो. आखूड अ आणि त्यावर आपटणारी व्यंजनं आली की नाव ठोकल्यासारखं वाटतं. शिवाय ‘इ’ लहान, बारीक, नाजूक वाटतो आणि ‘आ’ मोठा. एडवर्ड सपीर यांनी 1929 मध्येच दोन निरर्थक शब्द, ‘मिल’ आणि ‘माल’, लहान आणि मोठ्या टेबलाला वाटून द्यायला सांगितले होते. ‘माल’ मोठ्या टेबलाला गेला. आपल्याकडे ‘किडकिडीत’ आणि ‘आडदांड’ शेजारी ठेवले की तेच दिसतं.

विठ्ठल हे नाव तर या हिशेबाने फारच कडक ठरतं. मग ते इतकं मायेचं कसं?

ठरतंच. मधला ट्ठ हा अल्पप्राणाला चिकटलेला महाप्राण, तोही ट-वर्गातला. मम्मटाच्या ओजाच्या यादीतून उचलल्यासारखा. चार व्यंजनांत पाच गुण, 1.25.

पण लोक हाक कशी मारतात ते पाहा. विठू. विठोबा. विठाई. जोडाक्षर गेलं, ठ एकटा उरला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना स्वर आले. कृष्णाचंही तसंच झालं. क, ऋ, ष, ण अशी गच्च बांधणी प्राकृतात ‘कण्ह’ झाली आणि आपल्यापर्यंत ‘कान्हा’, ‘कान्होबा’ होऊन आली. ष गेला, न आणि ह उरले, दोन्ही वाहते. हे ध्वनिबदल भाषेत सगळीकडेच झाले, फक्त प्रेमापोटी झाले असं म्हणता येणार नाही. पण दोन रूपं हाताशी असताना लाडासाठी जीभ मऊ रूपच उचलते, हे कुठल्याही घरात ऐकू येतं.

याच्या उलट प्रयोगही आपण रोज करतो. राम हे नाव घ्या. ‘रामू’ म्हटलं की माया, ‘राम्या’ म्हटलं की एक तर लंगोटीयार किंवा खरडपट्टी. गण्या, शिऱ्या, पक्या ही सगळी त्याच साच्यातली. स्वर आखडतो, व्यंजनाला ‘या’ येऊन आपटतो आणि नावाची धार वाढते. म्हणून नाव जोखताना कागदावरच्या रूपाबरोबर अंगणातली हाकही जोखा. ‘प्रद्युम्न’ कागदावर भारदस्त आहे, पण चौथ्या दिवशी तो ‘पद्या’ होणार.

मुलाची नावं कडक आणि मुलींची मऊ, हे कुठून आलं?

जुनं आहे. मनुस्मृतीत मुलीचं नाव सहज उच्चारता येणारं, क्रूर नसलेलं आणि दीर्घ स्वराने संपणारं असावं असं म्हटलं आहे. पारस्कर गृह्यसूत्रात मुलाच्या नावासाठी चक्क ध्वनींचा साचा आहे: सुरुवातीला घोष वर्ण, म्हणजे ग, द, भ असा कंप असलेला, मध्ये य-र-ल-व पैकी एक, अक्षरं दोन किंवा चार. मुलीच्या नावाची अक्षरं विषम आणि शेवट आकारान्त. म्हणजे मुलाला सुद्धा सुरी दिलेली नाही, वरवंट्याने सुरुवात करून मध्ये लगेच वाहता वर्ण आणला आहे.

आज तो साचा पाळलाच पाहिजे असं मला मुळीच वाटत नाही. ‘नील’, ‘मिहिर’, ‘विमल’ हे पुरुष मऊ नावांनी सुखाने जगतात आणि ‘दुर्गा’, ‘चंडिका’ या नावांना कुणी नाजूक म्हणत नाही.

नावाचा आवाज जसा, तसा माणूस होतो का?

नाही. कॅनडातल्या सिधू, पेक्समन आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये दोन्ही बाजू तपासल्या. नुसती नावं दाखवली की लोक वाहत्या वर्णांच्या नावांना मनमिळाऊ आणि भावनाशील ठरवत होते. पण त्या त्या नावांच्या खऱ्या माणसांचे स्वभाव पाहिले तेव्हा असा संबंध दिसला नाही. म्हणून मुलाखतीला आलेल्या उमेदवाराचं नाव वाचून ‘हा जरा कडकच असेल’ असं मनात आलं, तर ते तुमच्या कानाबद्दल काही सांगतं, त्याच्याबद्दल नाही.

घडवलेलं नाव खरंच उग्र वाटतं की फक्त मलाच, हे कसं तपासू?

दहा जणांना विचारा, पण नीट विचारा. एकटं नाव देऊन ‘उग्र वाटतं का?’ म्हटलं तर लोक तुमचं मन राखायला हो म्हणतात. जोडी द्या आणि त्यांतलं राक्षसाचं कोणतं, परीचं कोणतं ते विचारा. पाच जणांना एक नाव आधी सांगा, उरलेल्या पाच जणांना दुसरं आधी.

इथे हमखास दोन चुका होतात. पहिली म्हणजे नाव सांगतानाच आवाज जाड करायचा. आपल्या नकळत होतं ते. दोन्ही नावं पत्ता सांगावा तशा सपाट आवाजात सांगा. दुसरी चूक जास्त लबाड आहे: घडवलेलं नाव एखाद्या शब्दाशी मिळतंजुळतं निघतं. ‘कडोळ’ मध्ये कडू ऐकू येतं, ‘भोमर’ मध्ये भुंगा. मग लोक आवाजावर नाही, त्या शब्दावर उत्तर देतात. शेवटी प्रत्येकाला ‘हे ऐकून काय आठवलं?’ एवढं विचारलं की हे उघडं पडतं.

दहापैकी सात जणांनी अपेक्षित उत्तर दिलं म्हणून हुरळून जाऊ नका. नुसता छापाकाटा केला तरी शंभरात सुमारे 17 वेळा दहापैकी सात किंवा जास्त पडतात. नऊ जण अपेक्षित बाजूला आले तर मात्र नाव पक्कं समजायला हरकत नाही, तसं योगायोगाने शंभरात साधारण एकदाच होतं.

आम्ही परदेशात राहतो. इथल्या तोंडी नावाचा स्वभाव बदलतो का?

बदलतो, आणि वरवंट्याची नावं सगळ्यात आधी वजन गमावतात. इंग्रजी बोलणाऱ्यांच्या जिभेवर घ, ध, भ नाहीत. ‘ध्रुव’ चा ‘ड्रूव’ होतो, ‘भार्गवी’ची ‘बार्गवी’. दुसरीकडे आपला दंत्य त आणि द त्यांच्या तोंडी आपल्या कानाला ट-ड सारखा लागतो, म्हणून ‘अदिती’ ची ‘अडिटी’ होऊन घरातलं मऊ नाव शाळेत टणक होतं. ळ तर ल किंवा र होऊनच येतो. म, न, ल यांची नावं जवळपास जशीच्या तशी टिकतात: मीना, नील, अनया. बारशाआधी एखाद्या शेजाऱ्याला नाव मोठ्याने वाचायला लावा. तो जे म्हणेल तेच नाव शिक्षक पुढची बारा वर्षं हजेरीला घेणार आहेत.